इंटरनेटशिवाय आवाजावर चालणारे तीन दिवे, आणि पंखा-टीव्हीपुढे त्यांचं काय होतं

माझ्या खोलीत आता तीन दिवे आवाजावर चालतात: टेबलावरचा, पुस्तकांच्या कपाटातला आणि पलंगाच्या उशाचा. त्यांच्यामागे ना वायफाय आहे, ना कुठलं खातं, ना फोनमधलं ॲप. बोललेला शब्द ओळखायचं सगळं काम नखाएवढ्या चिपचं एक ऑफलाइन मॉड्यूल खोलीतच करतं. शांत खोलीत हे जमवणं सोपं निघालं. पंखा, टीव्ही आणि माणसांचा आवाज असलेल्या खोलीत तेच जमवताना बरंच शिकायला मिळालं, म्हणून इथे मुख्यतः त्याबद्दलच लिहिते.

मॉड्यूल निवडलं DF2301Q. त्यावर दोन मायक्रोफोन आणि उत्तर देणारा छोटा स्पीकर असतो. कारखान्यातूनच त्यात १२१ इंग्रजी आज्ञा भरलेल्या येतात आणि आपल्या स्वतःच्या १७ आज्ञा त्याला शिकवता येतात. प्रत्येक आज्ञेला एक क्रमांक असतो. मॉड्यूल आपल्याला ऐकलेला शब्द देत नाही, फक्त हा क्रमांक देतं. "Hello robot" म्हटलं की ते जागं होतं आणि २ हा क्रमांक देतं. "Turn on the light" म्हणजे १०३, "Turn off the light" म्हणजे १०४. आपण शिकवलेल्या आज्ञांना शिकवल्याच्या क्रमाने ५ ते २१ हे क्रमांक मिळतात. त्या पलीकडचं कुठलंही वाक्य त्याच्यासाठी नसतंच. ही मर्यादा मला सोयीची वाटते, कारण खोलीतलं बोलणं कुठे साठतही नाही आणि जातही नाही.

दिवे मी मुद्दाम १२ व्होल्टच्या एलईडी पट्ट्यांचे केले. आर्डुइनो उनो हा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड आणि प्रत्येक पट्टीला तिचा प्रवाह चालू-बंद करणारं एक IRLZ44N मॉसफेट, बस. घरच्या विजेच्या लाईनला हात लावावा लागत नाही, उजेड कमी-जास्त करता येतो आणि रिलेचा 'टक' आवाजही होत नाही. मॉड्यूलवरचा छोटा स्विच I2C या दोन तारांच्या संवादपद्धतीकडे ठेवला, SDA आणि SCL या तारा उनोच्या A4 आणि A5 ला जोडल्या. त्याची लायब्ररी घेतली की कोड फार लागत नाही.

```
uint8_t id = asr.getCMDID();
if (id != 0) {
  Serial.print(millis());
  Serial.print(" ");
  Serial.println(id);
}
if (id == 2) blinkAck();
if (id == 5 || id == 12) setLamp(0, 255);
if (id == 6 || id == 13) setLamp(0, 0);
```

यातल्या दोन गोष्टी पुढे फार कामी आल्या. एक, प्रत्येक क्रमांक वेळेसकट संगणकावरच्या सिरियल मॉनिटरवर छापणं. दुसरी, मॉड्यूल जागं झालं की टेबलाचा दिवा किंचित लुकलुकवणं; त्यासाठीच `blinkAck()` हे छोटं फंक्शन लिहिलं. शांत खोलीत मॉड्यूल बोलून उत्तर देतं, त्यामुळे लुकलुकण्याची गरज भासत नाही. पण गोंगाटात त्याचं उत्तर ऐकूच येत नाही. मग दिवा लागला नाही तर मुळात ते जागंच झालं नव्हतं, की जागं होऊनही आज्ञा कळली नाही, हे समजायला मार्ग राहत नाही. या दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. पहिल्यात मॉड्यूलची जागा बदलावी लागते, दुसऱ्यात बहुधा आज्ञा.

एकाच कामासाठी कोडमध्ये ५ आणि १२ असे दोन क्रमांक का, तर घरात बोलणारी माणसं दोन आहेत. कारखान्यातल्या आज्ञा अनेक लोकांच्या आवाजांवर तयार केलेल्या असतात, म्हणून त्या कोणाच्याही तोंडून बऱ्यापैकी ओळखल्या जातात. आपण शिकवलेली आज्ञा मात्र आपण दोन-तीनदा म्हणून दाखवलेल्या नमुन्याशी ताडून पाहिली जाते. मी शिकवलेलं वाक्य आईने म्हटलं की कधी चालायचं, कधी नाही. हिशेब केला: तीन दिवे लावायच्या आणि मालवायच्या मिळून सहा आज्ञा, आणि कपाटाचा दिवा मंद करायची एक. झाल्या सात. दोघींच्या मिळून चौदा, म्हणजे सतरात बसतात. ५ ते ११ माझ्या आवाजात, १२ ते १८ त्याच क्रमाने आईच्या. सगळे दिवे एकदम लावायला आणि मालवायला १०३ आणि १०४ या तयार इंग्रजी आज्ञाच ठेवल्या. गोंगाट वाढला की सगळ्यात शेवटपर्यंत तग धरतात त्या याच, म्हणून त्यांच्यावर सगळ्यात महत्त्वाचं काम सोपवावं असं माझं मत झालं आहे.

शिकवायची पद्धत अशी: मॉड्यूलला जागं करायचं, "Learning command word" म्हणायचं, आणि ते सांगेल तसं आपलं वाक्य पुन्हापुन्हा म्हणायचं. आई शिकवायला बसली तेव्हा तिने विचारलं, "अगं, मी नेहमी बोलते तसं म्हणू, की स्पष्ट शब्द तोडून म्हणू?" या प्रश्नाचं उत्तर पुढे बरंच महत्त्वाचं ठरलं.

पहिली चाचणी पंख्याची. छताचा पंखा मधल्या वेगावर असला की फोनवरचं आवाज मोजायचं ॲप माझ्या टेबलापाशी पन्नासच्या जरा खाली डेसिबल दाखवत होतं. फोनचं ॲप काही प्रमाणित उपकरण नव्हे, पण इथे खरा आकडा नकोच असतो, दोन परिस्थितींमधला फरक हवा असतो आणि तो त्यातून चांगला कळतो. मीटरभर अंतरावरून साधं बोलणं साठच्या आसपास भरतं. म्हणजे माझा आवाज पंख्यापेक्षा दहा-बारा डेसिबलने वर होता. एवढ्यावर चालायला हवं होतं, पण मॉड्यूल जागंच होत नव्हतं. सिरियल मॉनिटरवर २ हा आकडा क्वचितच दिसे.

कारण पंख्याचा आवाज नव्हतं, पंख्याचा वारा होतं. मायक्रोफोनच्या भोकावर वारा थेट आदळला की आत खालच्या सुरातली जोरदार घरघर तयार होते. ती खोलीत कोणालाच ऐकू येत नाही, कारण ती मायक्रोफोनच्या तोंडाशीच होते. फोनचा मायक्रोफोन दुसऱ्या दिशेला असला तर त्यालाही ती दिसत नाही. ओळखायची खूण सोपी आहे: वाऱ्याच्या बाजूने मॉड्यूलच्या पुढे एक पुठ्ठा उभा धरायचा. पंख्याचा आवाज जेवढा होता तेवढाच राहतो, पण ओळखणं तत्काळ सुधारलं तर दोष वाऱ्याचा. मी मायक्रोफोनवर स्पंजची पातळ चकती लावली आणि डबीचं तोंड वाऱ्यापासून वळवून खोलीकडे केलं. त्यानंतर मधल्या वेगावर आणि नेहमीच्या अंतरावर मॉड्यूल जवळजवळ दर वेळी जागं होऊ लागलं. चकती पातळच हवी. जाड, दाट स्पंजाने वरच्या पट्टीतले आवाज दबतात आणि स, श, च ही व्यंजनं बोथट होतात.

जागं होणं सुटलं तरी आज्ञा चुकतच होत्या, आणि त्यातही एक ठरावीक चाल दिसत होती. "टेबलाचा दिवा लाव" आणि "टेबलाचा दिवा बंद" ही आधी सुचणारी जोडी. शांततेत ती नीट चालते. पंखा सुरू असला की लावायचं म्हटल्यावर मालवायचा क्रमांक येई किंवा काहीच येत नसे. वाक्याचा तीन चतुर्थांश भाग दोन्हींत एकच आहे आणि जो फरक आहे तो अगदी शेवटी. बोलताना आपला आवाज वाक्याच्या शेवटाला उतरतो, म्हणजे ज्या अक्षरांवर सगळा निर्णय ठरायचा तीच गोंगाटात आधी बुडतात.

म्हणून मी आज्ञांची वाक्यंच बदलली. लावायचं वाक्य आणि मालवायचं वाक्य सुरुवातीपासून वेगळं, पाच ते नऊ अक्षरांचं, आणि शक्य तितके लांब स्वर असलेलं. टेबलासाठी "वाचायला घेते" आणि "टेबल आवरून टाक". उशाच्या दिव्यासाठी "उजेड दे उशाला" आणि "निजायची वेळ". कपाटासाठी "कपाट उजळू दे" आणि "आता नको काही". मंद करायला "अर्धाच ठेव". पंख्याची सळसळ वरच्या पट्टीत पसरलेली असते. फ, स, श यांचा जोर मुळात कमी आणि तोही त्याच पट्टीत, म्हणून ती अक्षरं सळसळीत मिसळून जातात. आ, ए, ओ मात्र वर उठून राहतात. "निजायची वेळ" ही माझ्या सात वाक्यांतली सगळ्यात भरवशाची ठरली. "उशाला" मधला श अजूनही अधूनमधून त्रास देतो, पण आईला ते वाक्य आवडतं म्हणून ठेवलं आहे.

आता आईच्या प्रश्नाकडे येते. शब्द तोडून, सावकाश, शांत खोलीत शिकवलेली आज्ञा शांत खोलीत उत्तम चालते. पण गोंगाटात माणूस तसं बोलतच नाही. आजूबाजूचा आवाज वाढला की आपण नकळत मोठ्याने बोलतो, सूर वर चढतो, स्वर लांबतात. एतिएन लोंबार या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्ये याची नोंद केली आणि त्याच्या नावानेच हा परिणाम ओळखला जातो. त्यामुळे शांततेत शिकवलेला नमुना आणि पंख्याखाली उच्चारलेला शब्द या एकाच माणसाच्या असूनही दोन वेगळ्या गोष्टी होतात. आणि मॉड्यूलकडे ताडायला तो एकच नमुना असतो.

उपाय म्हणून सगळ्या आज्ञा पुन्हा शिकवल्या, या वेळी पंखा नेहमीच्या वेगावर ठेवून आणि जिथून रोज बोलायचं त्या जागेवरूनच. आईला सांगितलं, "मला आतून हाक मारतेस ना, तसंच म्हण." पंख्याचा एकसारखा आवाज नमुन्यात थोडा मिसळतो, पण त्याने बिघडत नाही. बिघडतं ते शिकवताना मधेच भांडं पडलं किंवा कोणी बोललं तर, म्हणून असं काही झालं की ती आज्ञा पुन्हा शिकवायची. पंख्यात शिकवलेल्या आज्ञा शांत खोलीतही चालल्या. शांततेत शिकवलेल्या पंख्यात तितक्या चालत नव्हत्या. असा दोनपैकी एका बाजूने सोपा सौदा असेल तर तो घ्यावा.

यानंतर एक विचित्र गोष्ट लक्षात आली. "अर्धाच ठेव" म्हटलं की कपाटाचा दिवा अर्धा होई, आणि मग पुढच्या आज्ञा चुकू लागत. दिवा पूर्ण लावला किंवा पूर्ण मालवला की सगळं पुन्हा सुरळीत. खोलीत काहीच बदललेलं नसे. खूण इथेच होती. दिवा मंद करताना उनो पट्टीचा प्रवाह सेकंदाला सुमारे ४९० वेळा चालू-बंद करतो. पूर्ण उजेडाला आणि पूर्ण अंधाराला ही उघडझाप होतच नाही. ४९० हर्ट्झ हा माणसाच्या बोलण्याच्या पट्ट्याच्या अगदी आतला सूर आहे. कान कपाटाला लावला तर १२ व्होल्टच्या ॲडॉप्टरमधून बारीक गुणगुण ऐकू येत होती, आणि मॉड्यूलचा ५ व्होल्टचा पुरवठाही त्याच ॲडॉप्टरवरून छोट्या कन्व्हर्टरने काढलेला होता. म्हणजे तोच सूर हवेतून आणि तारेतूनही मॉड्यूलपर्यंत पोचत होता.

कुठल्या वाटेने जास्त, हे पाहायला मी मॉड्यूल आणि उनो वेगळ्या ५ व्होल्टच्या मोबाईल चार्जरवर टाकले, जमिनीची तार तेवढी ॲडॉप्टर आणि चार्जर या दोघांना सामाईक ठेवली. बहुतेक त्रास तिथेच गेला. उरलेला ॲडॉप्टर कपाटाच्या फळीवरून उचलून लांब ठेवल्यावर गेला, कारण लाकडी फळी ती गुणगुण मोठी करत होती. मंद करायची सोय असलेले दिवे करणाऱ्या कोणीही ही चाचणी एकदा करावी: पूर्ण, अर्धा, बंद अशा तीन अवस्थांत तेच वाक्य तितक्याच वेळा म्हणायचं आणि फक्त अर्ध्याला चुकतंय का ते पाहायचं.

पंख्याचा प्रश्न असा बराचसा सुटला. टीव्हीचा सुटला नाही, आणि तो पूर्ण सुटेल असं मला वाटतही नाही. पंख्याचा आवाज एकसारखा असतो, त्यामुळे तो वजा करता येतो किंवा त्याच्यावर मात करता येते. टीव्हीवर माणसंच बोलत असतात. मॉड्यूलच्या दृष्टीने माझं बोलणं आणि बातम्या वाचणाऱ्याचं बोलणं एकाच जातीचं आहे. स्वतःच गाणं वाजवणारी मोठी स्मार्ट उपकरणं स्वतःचा आवाज ऐकण्यातून वजा करू शकतात, कारण आपण काय वाजवतोय हे त्यांना ठाऊक असतं. टीव्ही काय म्हणतोय हे या मॉड्यूलला कळायला कुठलीच तार नाही.

इथे हातात उरते ती फक्त जागा. मॉड्यूल आधी टीव्हीच्या बाजूच्या भिंतीवर होतं, माझ्यापासून आणि टीव्हीपासूनही साधारण तीन मीटरवर. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. या हिशेबाने मॉड्यूल पलंगाच्या उशाशी, माझ्यापासून एक मीटर आणि टीव्हीपासून चार मीटरवर आणलं तर माझा आवाज साडेनऊ डेसिबलने वाढतो आणि टीव्हीचा अडीचने उतरतो. बारा डेसिबलचा फायदा, तोही एक पैचा सुटा भाग न घेता. बंद खोलीत भिंतींवरून आवाज परततो म्हणून प्रत्यक्षात एवढा मिळत नाही, टीव्हीचा तर फारसा उतरत नाही. तरीही फरक स्पष्ट होता: साध्या आवाजात टीव्ही सुरू असताना आधी जे क्वचित जमायचं, ते बहुतेक वेळा जमू लागलं. पडदा आणि गादी जवळ असल्याने घुमणंही कमी झालं असावं.

टीव्हीचा दुसरा त्रास उलट दिशेचा आहे. मॉड्यूल एकदा जागं झालं की काही काळ आज्ञेची वाट पाहतं, आणि त्या काळात टीव्हीवरच्या एखाद्या वाक्याला आज्ञा समजून दिवा मालवतं. हे होतं तेव्हा सिरियल मॉनिटरवर स्पष्ट दिसतं: आधी २, मग माझी आज्ञा, आणि मग मी न बोललेला तिसराच क्रमांक. वाट पाहण्याचा काळ `asr.setWakeTime()` ने बदलता येतो. मी २० वरून १० वर आणला आणि तिसरे आकडे बरेच कमी झाले. आणखी खाली आणला तर आईची आज्ञा पुरी होण्याआधीच तो काळ संपायचा, म्हणून तिथेच थांबले. स्वतःचा जागं करायचा शब्दही शिकवता येतो, पण तो एकाच आवाजाच्या नमुन्यावर असल्याने मी "Hello robot" च ठेवलं. टीव्हीवर ते शब्द सहसा येत नाहीत, हाही त्याचा गुण.

मिक्सर सुरू असेल, किंवा खोलीत चारजण एकदम बोलत असतील, तर हे चालत नाही. मोजून पाहिलं तर फोनवर माझा आवाज आणि बाकीचा गोंगाट यांत पंधराएक डेसिबलचं अंतर असेल तेव्हा निवांत चालतं, दहाच्या आसपास पुन्हा म्हणावं लागतं, आणि पाच-सहाच्या खाली गेलं की ओरडूनही उपयोग होत नाही. ओरडल्याने शब्दाचा आकारच बदलतो आणि तो शिकवलेल्या नमुन्यापासून आणखी दूर जातो. त्यापेक्षा दोन पावलं जवळ जाऊन नेहमीच्या आवाजात म्हणणं केव्हाही बरं.

म्हणूनच प्रत्येक दिव्याला एक साधं बटण ठेवलं आहे. उनोची एक पिन `INPUT_PULLUP` वर, बटण दाबलं की तोच `setLamp()`. पाहुणे आले की मॉड्यूलला हाक मारायच्या भानगडीत कोणी पडतच नाही, सगळे बटण दाबतात. रात्री पंखा चालू, टीव्ही बंद, हातात पुस्तक किंवा अंगावर पांघरूण असतं तेव्हा मात्र आई पलंगावरूनच "निजायची वेळ" म्हणते आणि दिवा मालवतो.